प्रकल्प नोंदी : काकाजींच्या न्हाणीतलं उलटं पाणी

काम : घरमालक काकाजींच्या तळमजल्यात पावसाळ्यात शिरणारं पाणी थांबवणे.
जागा : हिंगणघाट तालुक्यात वणा नदीच्या अलीकडचं एक गाव. समोर सिमेंट रोड, रोड आणि घर यांच्यामध्ये नाली, घरामागे दीडशे पावलांवर नाला.
नोंद ठेवणारा : वरच्या खोलीचा भाडेकरू. रोजगार हमीच्या कामांवर तांत्रिक सहायक.

२४ जून

गेल्या उन्हाळ्यात रोड झाला. जुना रोड न खोदता त्याच्यावरच नऊ इंच काँक्रीट टाकलं, त्यामुळे रोडलगतची सगळी घरं एका रात्रीत बुटकी झाली. तो रोड माझ्या खात्याचा नाही, पण काकाजींच्या लेखी मोजपट्टी धरणारे सगळे एकाच माळेचे. "तुमी इंजिनेर लोकं रोड उचलता अन् आमाले खड्ड्यात टाकता," हे मी महिन्यातून दोनदा ऐकतो. एकदा भाडं देताना आणि एकदा असंच.

आज गवंड्याची लेव्हल पाईप आणून उंच्या घेतल्या. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक घराच्या फरशीपाशी धरायचं, दुसरं रोडवर, आणि दोन्हीकडचं पाणी थांबलं की खूण करायची. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून दोनदा केलं. घराची फरशी शून्य धरली तर रोड चार इंच वर आहे. म्हणजे रोडवरून पाणी वाहायला लागलं की ते सरळ घरात येणार.

उपाय ठरवला : दारात सात इंचांचा विटांचा बांध, सिमेंटचा गिलावा. काकाजींनी पाच जणांना विचारून मग हो म्हटलं.

२६ जून

बांध झाला. काकूंचे गुडघे दुखतात, सात इंच ओलांडणं त्यांना जड जातं, म्हणून आतून बाहेरून एकेक पायरी ठेवली. मला काम चोख झाल्यासारखं वाटलं. ही ओळ मुद्दाम खोडत नाहीये.

१४ जुलै

कालपासून झड लागली आहे. साईटवरची कामं बंद. नाला काठोकाठ. वणेला पूर असला की नाल्याला उतरायला जागा राहत नाही, आणि नाला उतरला नाही की गावातल्या नाल्या जागच्या जागी उभ्या राहतात. संध्याकाळी नालीत काडी टाकून पाहिली, ती हलली नाही. लाईन सातला गेली.

१५ जुलै, रात्री सव्वादोन

(ही नोंद नंतर सकाळी बसून लिहिली.)

काकाजींनी जिन्यातून हाक मारली. "साहेब, उठा! घरात पानी येऊन रायलं."

जिना उतरलो. शेवटच्या कोरड्या पायरीवर उभं राहून आधी मेन स्विच पाडला. लाईन नव्हतीच, पण ती केव्हा येईल याचा भरवसा नाही, आणि काकाजींकडे फ्रीजचं सॉकेट फरशीपासून वीतभर उंचीवर आहे. नंतर तीन वाजून वीस मिनिटांनी समोरच्या ओळीत दिवे लागले, तेव्हा आम्ही तिघं घोटाभर पाण्यात उभे होतो.

दाराकडे टॉर्च मारला. बाहेर रोडच्या बरोबरीने पाणी, बांधाची वरची तीन इंच कोरडी. बांध गळत नव्हता. तरी घरात दोन इंच पाणी. मला वाटलं फरशीच्या सांध्यांतून येत असेल, काळ्या मातीत असं होतं. पण तेवढ्या पाझरानं इतकं पाणी इतक्या लवकर भरत नाही, हे त्या वेळी सुचायला हवं होतं.

आम्ही उपसायला लागलो. मी, काकाजी आणि शेजारचं नववीतलं पोट्टं. बादली भरायची, बांधावरून बाहेर फेकायची. भिंतीवर मी खिळ्याने खूण केली होती. तासाभरानं पाहिलं तर पाणी खुणेच्या इंचभर वर. तीन माणसं तासभर उपसतात आणि पाणी वाढतं, याचा अर्थ आपण घर उपसत नसून नाला उपसत आहोत.

काकू मागच्या खोलीत कापसाजवळ कंदील धरून उभ्या होत्या. त्यांनीच हाक मारली. "दारातून नाई ना बावा, न्हानीतून येऊन रायलं. पाहा, कसं बुडबुडून रायलं."

न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी उसळत होतं. न्हाणीची फरशी घराच्या फरशीपेक्षा दोन इंच खाली, आणि तिचा चार इंची पाईप मागच्या चेंबरमधून थेट गावच्या नालीत. नालीतलं पाणी जेवढं चढेल तेवढं ते न्हाणीत चढणार. दारातला सात इंचांचा बांध त्याच्या वाटेत कुठेच येत नाही. २४ तारखेला मी दाराची उंची मोजली, रोडची मोजली, न्हाणीत नळी नेली नाही.

काकाजी मला काही बोलले नाहीत. म्हणाले, "आमची माय मिरगाच्या आधी मोरीत बोळा कोंबे. फरशी घातली अन् आमी इसरलो."

जुना बोळा म्हणजे चिंध्यांचा घट्ट गोळा. तो पाणी पितो आणि सैल पडतो, म्हणून आम्ही चिंध्या आधी दुधाच्या पिशव्यांत कोंबल्या, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. जाळी काढली, बोळा पाईपात दाबून बसवला. आता तो वर उचलला जाऊ नये म्हणून वजन हवं. पोट्टं खताचं पन्नास किलोचं पोतं ओढत आणायला निघालं.

त्याला थांबवून पायरीवर हिशेब केला. बाहेरचं पाणी फरशीच्या चार इंच वर, न्हाणी दोन इंच खाली, म्हणजे दाब सहा इंच पाण्याचा, साधारण १५ सेंटीमीटर. चार इंची तोंडाचं क्षेत्रफळ ८१ चौरस सेंटीमीटर. १५ गुणिले ८१ म्हणजे १,२१५ घन सेंटीमीटर पाणी, त्याचं वजन सव्वा किलो. इतकी रात्र काळी करणारा जोर एवढाच. काकूंनी पाटा आणून बोळ्यावर ठेवला, उसळी थांबली. बाहेरचं पाणी आणखी दोन फूट चढलं असतं तरी सहा-सात किलो पुरले असते. अवघड वजन नसतंच, अवघड असतं ते चारही बाजूंनी फट न ठेवता बसवणं.

मग परत उपसायला सुरुवात. पाणी तीन इंच, मोकळी फरशी सुमारे पाचशे चौरस फूट, म्हणजे साडेतीन हजार लिटर. काकाजी बादल्या कोडीनं मोजत होते, वीस झाल्या की भिंतीवर कोळशाची एक रेघ. बारा कोड्या झाल्या तेव्हा फरशीचे सांधे दिसायला लागले. २४० बादल्या, पंधरा लिटरची एक. कागदावरचा आकडा आणि कोळशाच्या रेघा जुळल्या, तेव्हा काकाजींनी पहिल्यांदा माझ्याकडे जरा बऱ्या नजरेनं पाहिलं.

१५ जुलै, सकाळ

मागच्या खोलीत काकाजींचा सहा क्विंटल कापूस आहे. भाव वाढेल म्हणून फेब्रुवारीपासून ठेवलेला. तळाचा थर भिजला. कापूस पाणी वर ओढतो, त्यामुळे तीन इंच पाण्याने वीतभर थर ओला केला होता. बाकीचा वाचवायचा तर आत्ताच हलवायला हवा, आणि कोरडी जागा एकच, माझी खोली.

खाट उभी करून भिंतीला टेकवली. चवाळ्यात पंधरा-वीस किलो कापूस बांधायचा, डोक्यावर घ्यायचा, जिना चढायचा. मी आणि पोट्ट्याने मिळून तीस-पस्तीस फेऱ्या केल्या. दुपारपर्यंत माझी खोली कमरेपर्यंत कापसाने भरली. दाराजवळ अंगाएवढी जागा उरली, ती मला.

ओला कापूस वेगळा ठेवला, कोरड्यात मिसळू दिला नाही. मिसळला की आतून तापतो आणि पिवळा पडतो. गच्चीच्या दारापाशी पातळ पसरला. काकू दर दोन तासांनी गुडघे धरत वर येतात आणि ढिगात कोपरापर्यंत हात घालतात. आत ऊब लागली की पुन्हा पसरायला लावतात. थर्मामीटर आणून देतो म्हटलं तर हसल्या.

१६ जुलै

रात्री कापसावर झोपलो. ऐकायला मऊ वाटतं. घरात साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, हे इकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला लहानपणापासून धानाच्या कोंड्याची सवय, कापसाची नाही. पहाटेपर्यंत मान आणि हात लाल.

काकाजींनी वाटीत करंजीचं तेल आणून दिलं. "दोन-तीन दिवस जातीन तुमचे," म्हणाले. मग जरा थांबून, "आमाले पाच महिने झाले."

१७ जुलै

आज माझी बाजू. जिन्याखाली माझी पत्र्याची पेटी होती, तिच्यात तीन मोजमाप पुस्तिका. त्या रात्री कापूस, बादल्या, न्हाणी यांच्या नादात पेटी माझ्या लक्षातच राहिली नाही. आज उघडली तर तळाशी दोन इंच पाणी. मोजमाप पुस्तिका हरवली किंवा खराब झाली तर त्यातल्या मजुरांच्या कामाचा पुरावा जातो आणि खुलासे मला द्यावे लागतात. मी पेटीजवळ नुसता बसून राहिलो.

काकू म्हणाल्या, "पानं वढू नको. फाटतीन." ओला कागद सोलायला गेलं की वरचा पापुद्रा निघतो, हे त्यांना पापडामुळे ठाऊक. काकाजींनी पानांमध्ये कापूस घालून पाहिला, एका पानावर, पण त्याचे तंतू कागदाला चिकटले. मग काकूंनी जुनं सुती लुगडं फाडून वीतभर रुंद पट्ट्या केल्या. जिथे पुस्तिका आपसूक उघडली तिथे पट्टी घातली, अर्ध्या तासानं बदलली, पान जरा सुटलं की पुढची पट्टी. ऊन नाही, पंखा नाही, तरी दिवसभरात दोन पुस्तिका सुटल्या. तिसरीला आणखी एक दिवस लागेल.

जिथे साध्या बॉलपेननं लिहिलं होतं तिथला अंकन् अंक जागेवर आहे. एका बांधाची मापं मी जेल पेननं लिहिली होती, त्या पानाचं निळं तळं झालं. त्या बांधाची मापं पुन्हा घ्यावी लागतील. जेल पेन चुलीत टाकला.

२१ जुलै

लाईन सुरू करण्याआधी वायरमनला बोलावलं. फ्रीजचं सॉकेट उघडलं, आत चिखलाचा थर. बदलून छातीच्या उंचीवर नेलं.

भिंतीवर ओल आता दोन फुटांपर्यंत चढली आहे. पाणी तर तीनच इंच होतं. विटा पाणी वर ओढतात, कंदिलाची वात तेल ओढते तशा, म्हणून ओलीची रेघ पाणी गेल्यावरही चढत राहते. काकाजींना पोळ्याच्या आधी चुना मारायचा आहे. मी नको म्हटलं, ते म्हणाले पोळ्याला भिंत काळी ठेवत नाहीत. मग असं ठरलं : हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावायचा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत अजून पाणी सोडते आहे, चुना थांबवायचा.

२२ जुलै

दव नाही, थेंब होते. काकाजी काही न बोलता बैलांकडे गेले.

२८ जुलै

कायमचा उपाय. न्हाणीचा पाईप चेंबरमध्ये जिथे पडतो त्याच्याही पुढे, चेंबरमधून नालीकडे जाणाऱ्या पाईपाच्या तोंडावर एकदिशा व्हॉल्व्ह बसवला. हिंगणघाटच्या दुकानात चार इंची मागवावा लागला. आत रबरी कडेची झडप असते. घरातलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, नालीतलं उलट आलं की तीच झडप त्याच्या दाबानं मिटते.

झडपेचा शत्रू एकच, अडकलेली काडी. केस, साबणाची वडी, कुटाराची काडी कडेत बसली की झडप मिटल्यासारखी दिसते आणि मिटत नाही. तपासायची रीत अशी की चेंबरचं झाकण उघडायचं, बाहेरून नालीच्या तोंडात नळीनं पाणी सोडायचं आणि चेंबरमध्ये थेंब पडतो का ते पाहायचं. आज एकही पडला नाही.

व्हॉल्व्ह, दोन कोपर, सोल्यूशन आणि सिमेंट मिळून १,९४० रुपये झाले, मी भरले. काकाजी म्हणाले, भाडं देऊ नको. भाडं १,८००. वरचे १४० त्यांनी चंचीतून सुट्टे काढून दिले, मी नको म्हणत असताना.

८ ऑगस्ट

फसलो, पुन्हा.

दुपारी चाळीस मिनिटांचा जबर पाऊस. नाला आधीच भरलेला होता, नाली तुंबली, झडप मिटली. मी आणि काकाजी चेंबरपाशी उभे राहून मिटलेली झडप पाहत होतो, खरं तर तिचं कौतुक करत होतो. तेवढ्यात आतून काकूंची हाक. न्हाणीत पाणी.

मी तडक व्हॉल्व्हला शिव्या घातल्या. काकाजी न्हाणीत वाकले. ओंजळीत पाणी घेऊन म्हणाले, "हे नालीचं नोहे. निवळशंख हाये. अन् हे काय?"

त्यांच्या बोटाला कापसाचा पुंजका होता.

कापूस असतो माझ्या खोलीत आणि गच्चीच्या दारापाशी. म्हणजे हे पाणी गच्चीचं. गच्चीचा पन्हाळीचा पाईप खाली येऊन त्याच चेंबरमध्ये सोडला आहे, बांधलं तेव्हापासून. झडप मिटल्यावर नालीचं पाणी आत येत नाही, पण घराचं पाणीही बाहेर जात नाही, आणि पावसात घराचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे छताचं. गच्चीवर ठेवलेल्या सरळ बाजूच्या डब्यात सव्वा इंच भरला होता. छत सहाशे चौरस फूट. सव्वा इंचानं साडेसतराशे लिटर होतात. चेंबरमध्ये मावतात जेमतेम तीनशे. उरलेलं न्हाणीतून वर.

बोळा आणि पाटा पुन्हा लावला, न्हाणी बंद केली. चेंबरचं झाकण उघडंच ठेवलं, पाणी तिथून मागच्या अंगणात ओसंडू दिलं. दहा मिनिटांत घर सुटलं. फरशीवर अर्धा इंचही चढलं नव्हतं.

९ ऑगस्ट

पन्हाळीचा पाईप चेंबरच्या दोन फूट वर कापला. कोपर लावून अंगणातल्या उघड्या चरात सोडला, चर गोठ्याच्या कडेने मागच्या उताराला नेला. खोदलं काकाजींनी. अडुसष्टाव्या वर्षी काळ्या मातीत कुदळ कशी मारावी हे त्यांनी मला दाखवलं. ओली माती कुदळीला चिकटते, म्हणून दर चार-पाच घावांनी ते पातं शेजारच्या पाण्याच्या घमेल्यात बुडवतात. मी रोजगार हमीवर इतके चर मोजले, हे कधी पाहिलं नव्हतं.

न्हाणीचं वापरायचं पाणी मात्र झडप मिटलेली असताना जाणार नाहीच. त्याला उपाय नाही. नाली तुंबली की त्या दिवशी आंघोळ बंद, भांडी अंगणात. काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पूर आल्यावर कोन आंघोळ करते?

१६ ऑगस्ट

कापूस विकला. ओला झालेला सुमारे सत्तर किलो होता, वाळून थोडा पिवळसर राहिला, त्याला भाव कमी मिळाला. बाकीच्याला बाजारभाव. माझी खोली रिकामी झाली. फटींतून अजून तंतू निघतात. डाव्या मनगटावरची खाज गेलेली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी

काल रात्रभर पाऊस. नाली तुडुंब, झडप मिटलेली, गच्चीचं पाणी चरातून खळखळत मागे. पहाटे पाचला खाली उतरलो, न्हाणीत टॉर्च मारला. फरशी कोरडी. जाळीवर मात्र पाटा ठेवलेला होता आणि पाट्याखालून दुधाच्या पिशवीची कड दिसत होती.

व्हॉल्व्ह असताना बोळा कशाला, असं काकाजींना विचारलं. ते बैलांची शिंगं रंगवत होते.

"व्हॉल तुमचा," म्हणाले. "बोळा मायचा."

भिंतीवरच्या प्लॅस्टिकमध्ये आज दोनच थेंब होते. चुना दिवाळीला.